सोळाचा एमसीबी पडत होता, म्हणून बत्तीसचा बसवला

पुण्यात सिंहगड रस्त्यालगत १९९८ साली बांधलेली चार मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून फोन आला तो मायक्रोवेव्हसाठी. "दादा, ओल्या हाताने दरवाजा उघडला की बोटांना मुंग्या येतात. आणि परवापासून किटलीच्या सॉकेटजवळ जळल्यासारखा वास येतोय." फोनवर सूनबाई होत्या. मी सांगितलं, किटलीचा पॉइंट वापरू नका, मायक्रोवेव्हची पिन काढून ठेवा, संध्याकाळी येतो.

गेल्यावर आधी डीबी, म्हणजे सगळ्या एमसीबींची पेटी, उघडला. घराला दोन पोलचा ४० अँपिअरचा मेन स्विच, त्याखाली सहा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप खाली पडून वीज तोडणारे स्विच. स्वयंपाकघराचा एमसीबी बाकीच्यांपेक्षा नवा दिसत होता आणि त्यावर लिहिलं होतं सी-३२, म्हणजे ३२ अँपिअरचा. शेजारचे सगळे ६ आणि १६. गीझरलासुद्धा १६चाच. ज्या घरात गीझर १६वर चालतो तिथे ओट्याला ३२ का, हे विचारल्यावर पूर्ण हकीकत बाहेर आली.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मॉड्युलर किचन करून घेतलं. पूर्वी स्वयंपाकघरात फ्रिजजवळ एकच बोर्ड होता, त्यावर फ्रिज, मिक्सर आणि नंतर आलेला वॉटर प्युरिफायर. नव्या ओट्यावर चार सॉकेट वाढवले: इंडक्शन, मायक्रोवेव्ह, किटली, मिक्सर. किचन लागल्यापासून दोन-तीन आठवड्यांतच सकाळी डब्याच्या वेळी एमसीबी पडायला लागला. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा, आणि नेमका साडेसातच्या सुमाराला. चार महिने हे सोसून झाल्यावर एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने "एमसीबी वीक झालाय" असं म्हणून सोळाचा काढला आणि बत्तीसचा बसवला. त्या दिवसापासून एकदाही पडला नाही. घरातल्या काकू म्हणाल्या, "तो मुलगा हुशार होता हो, दहा मिनिटांत काम केलं."

दहा मिनिटांत त्याने जे केलं ते निस्तरायला मला दोन दिवस लागले.

आधी एमसीबी नेमकं काय राखतो ते सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. तो मिक्सर राखत नाही, माणूस राखत नाही, तो भिंतीतली वायर राखतो. वायरमधून प्रवाह गेला की ती तापते, आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. साध्या पीव्हीसी आवरणाची तांब्याची वायर ७० अंश सेल्सिअसपर्यंत सुरक्षित मानतात. त्यावर ती सतत राहिली की आवरण कडक होतं, मग तडकतं. एमसीबीच्या पोटात दोन धातूंची एक पट्टी असते, ती प्रवाहाने तापून वाकते आणि ठरावीक वाकली की खटका सुटतो. म्हणजे वायर तापतेय तशी पट्टीही तापतेय. वायर जळायच्या आधी पट्टी वाकली पाहिजे, एवढंच त्यातलं गणित. म्हणून एमसीबीचा आकडा उपकरणांवरून नाही, वायरच्या जाडीवरून ठरतो.

शिवाय सोळाचा एमसीबी सोळा अँपिअरला पडत नाही. घरगुती एमसीबीच्या मानकात असं ठरलेलं आहे की त्याच्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह असेल तर तासभर तरी तो पडता कामा नये, आणि १.४५ पट असेल तर तासाच्या आत पडलाच पाहिजे. सोळासाठी हे आकडे साधारण १८ आणि २३ अँपिअर. या दोहोंच्या मधला प्रदेश म्हणजे "पडेल किंवा नाही" असा. डीबी भर उन्हाळ्यात तापलेला असेल, शेजारी गीझरचा एमसीबीही गरम असेल, तर लवकर पडेल. हिवाळ्यात कदाचित पडणारच नाही. "कधी पडतो, कधी पडत नाही" या तक्रारीला एमसीबी बिघडलाय असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. इथे तसं काही नव्हतं.

मी मागच्या बाजूची लेबलं वाचायला घेतली. काकूंचा आक्षेप आला, "मायक्रोवेव्ह तर आठशेच वॅटचा आहे." पुढच्या बाजूला तसंच लिहिलेलं असतं, पण ते आठशे म्हणजे अन्नाला मिळणारी शक्ती. सॉकेटमधून तो किती ओढतो ते मागच्या लेबलवर असतं, आणि तिथे १२५० वॅट होतं. इंडक्शन २००० वॅट, किटली १५०० वॅट, मिक्सर ७५० वॅट. वॅटला २३०ने भागलं की अँपिअर मिळतात, पण लेबलवर विसंबून न राहता मी क्लॅम्प मीटर लावला. हा चिमट्यासारखा असतो, वायरभोवती अडकवला की वायर न कापता प्रवाह दाखवतो. एकेक उपकरण चालवून पाहिलं: इंडक्शन ८.६ अँपिअर, किटली ६.४, मायक्रोवेव्ह ५.६, मिक्सर चटणी वाटताना २.८, आणि फ्रिज चालू असताना ०.९. प्युरिफायर नगण्य.

बेरीज २४.३ अँपिअर. सोळाला भागलं तर दीडपटीहून किंचित जास्त. मिक्सर वगळला तर २१.५, म्हणजे १.३४ पट. त्यांच्या सकाळच्या तक्रारीचं सगळं कोडं या दोन आकड्यांत होतं. मिक्सर लावला नाही त्या दिवशी वर सांगितलेल्या मधल्या प्रदेशात काम चालायचं आणि बहुधा निभावून जायचं. चटणी करायची असेल त्या दिवशी सीमा ओलांडली जायची. पण तेही लगेच नाही, कारण पट्टी तापायला वेळ लागतो. इंडक्शनवर भाजी, किटलीत पाणी, मायक्रोवेव्हमध्ये दूध, आणि मग मिक्सर. सात-आठ मिनिटांनी अंधार.

हे कागदावरचं झालं. मला ते प्रत्यक्ष पाहायचं होतं, म्हणून बत्तीसचा काढून सोळाचा नवा एमसीबी लावला, किटलीचा जळका सॉकेट बदलला, ओट्यावरचे बोर्ड उघडे ठेवले आणि सगळं चालवलं. खरं तर त्या वायरीवर असा प्रयोग करू नये, पण ती वायर तशीही निघणारच होती आणि माझा हात तापमान मोजायच्या यंत्रावर होता. मिक्सरशिवाय पंधरा मिनिटं काही झालं नाही. मिक्सर अधूनमधून थांबवत चालवला तेव्हा नवव्या मिनिटाला एमसीबी पडला. लगेच वर केला तर पुन्हा खाली आला. दोन मिनिटं थांबून केला तेव्हा टिकला. गरम पट्टी थंड झाल्याशिवाय खटका धरत नाही. एमसीबी काही मिनिटांनी पडणं, हाताला कोमट लागणं, आणि थोडं थांबल्यावर वर राहणं, ही जास्त भाराची खूण. स्विच दाबताक्षणी फटकन पडला आणि वर करताच परत पडला तर ते शॉर्ट सर्किट. तेव्हा पुन्हा पुन्हा वर करून बघायचं नसतं.

सूनबाईंनी एक चांगला प्रश्न विचारला. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू होताना एकदम जास्त ओढतो म्हणतात, मग त्याने पडत असेल का? नाही. सी प्रकारचा एमसीबी क्षणार्धात पडण्यासाठी त्याच्या आकड्याच्या पाच ते दहा पट प्रवाह लागतो, म्हणजे सोळाला ८० ते १६०. घरच्या फ्रिजचा किंवा मिक्सरचा पहिला झटका तिथवर जात नाही.

आता बत्तीस बसवल्याने काय झालं ते पाहू. बत्तीसचा एमसीबी ३६ अँपिअरवर तासभर न पडता बसून राहू शकतो, आणि तासाच्या आत पडेलच अशी खात्री ४६ अँपिअरच्या पुढे. म्हणजे या घरात तो कधीच पडणार नव्हता. सगळी उपकरणं लावूनही २४च होतात. प्रश्न एवढाच की भिंतीतल्या वायरला हे २४ सोसतात का.

डीबीपासून फ्रिजच्या बोर्डापर्यंत १९९८ची वायर २.५ स्क्वेअर एमएमची निघाली, त्या काळच्या मानाने नीट काम. इतर वायरींबरोबर पाईपमधून गेलेली अशी वायर साधारण २० अँपिअरपर्यंत ठीक. खरी मेख पुढे होती. नव्या ओट्याचे चारही सॉकेट फ्रिजच्या बोर्डातून लूप करून, म्हणजे तिथूनच पुढे वायर नेत, काढले होते, आणि ते लूपिंग १.५ स्क्वेअर एमएमच्या वायरीने केलं होतं. ही वायर दिव्या-पंख्यांची. पाईपमध्ये तिला १४ अँपिअरच्या आसपास धरावं. तिच्यातून फ्रिज सोडून बाकी सगळं, म्हणजे २३.४ अँपिअर जात होते. वायर जितकी तापायला हवी त्याच्या पावणेतीन पट उष्णता. ओट्यामागचा पाईप उघडून वायर ओढली तेव्हा लाल आवरण तपकिरी झालेलं आणि वाकवल्यावर कडकड आवाज करत होतं. नवी वायर बोटाभोवती दोऱ्यासारखी गुंडाळता येते. ही दोन वर्षांची वायर तिथे तडकली.

खरं सांगायचं तर सोळाचा एमसीबीसुद्धा या १.५च्या वायरीला पुरेसा नव्हता, कारण तो १८ अँपिअर निमूट जाऊ देतो. पण २४ला तो ओरडत तरी होता. सर्किटमध्ये सगळ्यात बारीक वायर जिथे असेल तिच्यावरून एमसीबी ठरतो, मग ती शेवटच्या दोन फुटांतली का असेना.

किटलीच्या सॉकेटचा वास मात्र वेगळ्या कारणाचा होता. जुना सॉकेट खोलला तर न्यूट्रलचा स्क्रू सैल आणि भोवतीचं प्लास्टिक करपलेलं. सैल जोडात थोडासा जरी रोध आला, समजा अर्धा ओहम, तरी किटलीच्या ६.४ अँपिअरला तिथे वीस वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग करायची छोटी इस्त्री २५ वॅटची असते. तेवढी इस्त्री प्लास्टिकच्या डबीत बंद करून ठेवल्यासारखं ते झालं. हे कुठलाही एमसीबी ओळखू शकत नाही, सोळाचाही नाही, कारण एकूण प्रवाह काही वाढलेला नसतो. तिथे फक्त नाक, पिवळा पडलेला सॉकेट आणि पिन काढल्यावर हाताला लागणारी तिची उष्णता एवढ्याच खुणा.

त्याच सॉकेटमध्ये मला आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती पाहून मी काकूंना खुर्चीवर बसायला सांगितलं. अर्थिंगच्या भोकाला, म्हणजे वरच्या जाड पिनच्या जागी, अर्थची वायर नव्हतीच. त्याऐवजी वायरचा दीड इंची तुकडा न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूला जोडलेला होता.

हे का करतात ते सरळ आहे. ओट्याचं लूपिंग करताना फेज आणि न्यूट्रल अशा दोनच वायरी नेल्या. अर्थची हिरवी वायर नेलीच नाही. काम दाखवताना घरमालक टेस्ट लॅम्प लावून "अर्थिंग आहे का" विचारेल, तर फेज आणि अर्थच्या भोकात दिवा पेटला पाहिजे. न्यूट्रलला असा तुकडा, म्हणजे जंपर, मारला की दिवा झकास पेटतो. मीटर लावला तरी २२८ व्होल्ट दाखवतो. कागदोपत्री अर्थिंग उत्तम.

आता हे दोन दोष एकत्र ठेवा. न्यूट्रलचा स्क्रू सैल होता आणि करपत चालला होता. आणखी काही आठवड्यांत आत येणारी न्यूट्रलची वायर त्या स्क्रूतून पूर्ण सुटली असती. मग किटली चालू केली तर फेज किटलीच्या एलिमेंटमधून सॉकेटच्या न्यूट्रलच्या टोकापर्यंत पोहोचला असता, पुढे जायला वाट नाही, तर जंपरमधून अर्थच्या पिनवर, आणि तिथून किटलीच्या स्टीलच्या अंगावर. पूर्ण २३० व्होल्ट. किटली तापणार नाही. माणूस काय करतो? किटली का चालत नाही ते बघायला तिला हात लावतो. एमसीबी काहीच करणार नाही, कारण माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह एका अँपिअरचाही सहावा-सातवा हिस्सा असतो. तो त्याच्या हिशोबात शून्य. हृदयाच्या हिशोबात जीवघेणा.

जंपर ओळखायची एक युक्ती आहे, ती इलेक्ट्रिशियन लोकांनी तरी करावी. सर्किटवर भार चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजायचा. खरी अर्थिंग असेल तर न्यूट्रलमधून प्रवाह जात असल्यामुळे एक-दोन व्होल्ट फरक दिसतोच. मला हॉलच्या सॉकेटमध्ये १.९ व्होल्ट मिळाले. किटलीच्या सॉकेटमध्ये ०.०. इतका स्वच्छ शून्य आला की शंका घ्यायची. घरच्या लोकांनी मात्र सॉकेटमध्ये वायरी घालून असले प्रयोग करू नयेत. विशेषतः फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघू नये. अर्थ कुठे तुटलेली असेल तर त्या बल्बमधून आलेला करंट दुसऱ्या खोलीतल्या फ्रिजच्या अंगावर जाऊन बसतो.

मग मायक्रोवेव्हच्या मुंग्या? तिथे जंपर नव्हता, तिथे अर्थचं भोक नुसतं रिकामं होतं. मायक्रोवेव्हच्या आत विजेतला गोंगाट गाळायला एक फिल्टर असतो. त्यात दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोघांकडून पत्र्याच्या अंगाला जोडलेले असतात. अर्थ असेल तर तिकडून येणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत जातो. अर्थ नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि अर्ध्या व्होल्टेजवर तरंगतो. माझ्या मीटरवर १०६ व्होल्ट आले आणि टेस्टर पेटला. सूनबाई घाबरल्या, पण यात मायक्रोवेव्ह बिघडलेला नव्हता. त्यामागे प्रवाह इतका कमी असतो की नुसती झिणझिण होते. मुंग्या हा त्या यंत्राने दिलेला निरोप होता, की मला अर्थ नाही. ज्या दिवशी आत खरोखर फेज पत्र्याला टेकेल त्या दिवशी मुंग्या येऊन थांबणार नाही.

इथपर्यंत बहुतेक जण म्हणतात, ठीक, हिरवी वायर नेली की झालं. मीही पूर्वी तसंच समजायचो. पण या इमारतीत अर्थचा लूप टेस्टर लावल्यावर डीबीजवळ ६.२ ओहम आले. हा आकडा म्हणजे फेज पत्र्याला टेकला तर प्रवाहाला अर्थच्या वायरीतून खाली पार्किंगमधल्या अर्थ पिटमध्ये, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात, तिथून मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थपर्यंत आणि परत फेजने घरापर्यंत यायला लागणारा सगळा रोध. २२८ला ६.२ने भागा. ३७ अँपिअर.

३७ अँपिअर ऐकायला खूप वाटतात, पण बत्तीसच्या एमसीबीला ते त्याच्या आकड्याच्या १.१५ पट आहेत. मधला प्रदेश. तो तासाभरातही पडेलच याची खात्री नाही. आणि तोवर मायक्रोवेव्हच्या पत्र्यावर काय असणार? ६.२ पैकी पाचेक ओहम पिटचे धरले तर ३७ गुणिले ५, म्हणजे १८५ व्होल्ट. अर्थिंग जोडलेली असूनही. सोळाचा एमसीबी असता तर तोच प्रवाह त्याच्या २.३ पट, आणि तो मिनिटभराच्या आसपास पडला असता. मिनिट हाही माणसासाठी फार मोठा वेळ, पण निदान पडला असता. बत्तीसने वायरचं संरक्षण घालवलं ते दिसत होतं. अर्थिंगचं संरक्षणही त्यानेच घालवलं, हे न दिसणारं. एमसीबी क्षणार्धात पडावा यासाठी सी-१६ला १६० अँपिअर लागतात, म्हणजे लूप दीड ओहमच्या आत हवा. सोसायटीच्या एका पिटवर, मातीच्या वाटेने, ते बहुतेक ठिकाणी जमत नाही.

म्हणून आरसीसीबी. तो फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह सतत तोलतो. ३० मिलिअँपिअर कुठे बाहेर गळाले की सेकंदाच्या अंशात दोन्ही पोल तोडतो. त्याला ३७ अँपिअरची गरज नाही, त्याला त्याच्या हजाराव्या हिश्शात कळतं. त्यामुळे साधारण अर्थ पिटवरही तो चोख काम करतो. १९९८च्या डीबीत तो नव्हताच.

"मग आरसीसीबी लावला की अर्थिंग कशाला?" हा प्रश्न मला नेहमी येतो आणि इथेही आला. अर्थ नसताना मायक्रोवेव्हच्या पत्र्याला फेज टेकला तर आरसीसीबीला काहीच कळत नाही, कारण गळायला वाटच नाही. पत्रा २३० व्होल्टवर शांतपणे बसून राहतो. मग कोणीतरी हात लावतं, गळती त्या माणसातून होते, आणि तेव्हा आरसीसीबी पडतो. बहुधा माणूस वाचतो, पण झटका बसतो, आणि हात उकळत्या तेलाच्या कढईजवळ असेल तर झटक्याने काय होईल ते वेगळं. अर्थ असेल तर फेज टेकला त्याच क्षणी गळती अर्थच्या वायरीतून होते आणि कोणी जवळ नसतानाच वीज जाते. आरसीसीबीला एक मर्यादा मात्र आहे: कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर त्याला तो माणूस आणि किटली यांत फरक कळत नाही. आणि जास्त भार झाला तर तो पडत नाही, ते काम एमसीबीचंच.

काम असं केलं. डीबीपासून ओट्यापर्यंत दोन नवी सर्किट ओढली, दोन्ही २.५ स्क्वेअर एमएम, फेज-न्यूट्रल-हिरवी तिन्ही. जुन्या पाईपमध्ये एवढ्या वायरी कोंबल्या असत्या तर त्या एकमेकींना तापवतात, म्हणून पोटमाळ्याखालून भिंतीवर केसिंगची पट्टी मारून तिच्यातून नेल्या. काकूंना पट्टी आवडली नाही, पांढऱ्या टाइल्सवर दिसते म्हणून. भिंत फोडायचा खर्च ऐकल्यावर आवडली. एका सर्किटवर इंडक्शन आणि मिक्सर, दुसऱ्यावर मायक्रोवेव्ह आणि किटली. पहिल्याचा प्रवाह ११.४ अँपिअर, दुसऱ्याचा १२. वॅटमध्ये दोन्हीकडे २७५०. पॉवर सर्किटवर दोनपेक्षा जास्त १६चे सॉकेट नकोत आणि ३००० वॅटच्या वर भार नको, हा वायरिंगचा जुना नियम इथे आपोआप पाळला गेला. दोन्हींना सी-१६. १९९८ची २.५ची वायर फ्रिज आणि प्युरिफायरला ठेवली, तिला १०चा एमसीबी. फ्रिज वेगळा ठेवण्याचं कारण एवढंच की ओट्यावर काही झालं म्हणून दूध नासू नये. फ्रिजच्या बोर्डात अर्थची वायर होती, पण स्क्रूवर हिरवा गंज चढला होता. घासून, नवं लग लावून बसवली. ओट्याचे चारही सॉकेट बदलले. मेन स्विचनंतर ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी.

सगळं एकदम चालवून अर्धा तास बसलो. सूनबाईंनी त्या वेळात खरोखर दुसऱ्या दिवशीची चटणी वाटली. एमसीबी थंड, सॉकेट थंड, मायक्रोवेव्हच्या पत्र्यावर अर्ध्या व्होल्टच्या खाली.

एक गोष्ट मात्र सर्किट वाढवून सुटत नाही. ओट्याचे २४ अँपिअर दोन वायरींत वाटले गेले, कमी झाले नाहीत. त्यात सकाळचा गीझर आणि बेडरूमचा एसी मिळवला तर एकूण ४०च्या आसपास जातं, आणि मेन तेवढ्याचाच आहे. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो या घराचा ३ किलोवॅट होता. घर बांधलं तेव्हा इंडक्शन नव्हतं, एसी नव्हता. भार वाढवून घ्यायचा अर्ज त्यांनी केला आहे; तोवर गीझर सातच्या आत आटोपायचा असं घरात ठरलं.

काकूंनी निघताना विचारलं, मुलगा एअर फ्रायर आणणार आहे, लावू का? त्याच्या लेबलवर १४०० वॅट असेल तर किटलीच्या जागी लावा, किटलीबरोबर नाही. फ्रिजच्या बोर्डावर तर नकोच, तिथे दहाचा आहे. "आणि पडला तर?" पडला तर काय चालू होतं ते लिहून ठेवा आणि मला फोन करा, एमसीबी बदलू नका.

पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या सचिवांसोबत पार्किंगमधला अर्थ पिट उघडला. वर टाइल बसवून कोणीतरी झाकून टाकला होता, आत माती फुफाटा झालेली, पट्टीचा क्लॅम्प गंजून पातळ. क्लॅम्प बदलला, दोन-तीन बादल्या पाणी घातलं, झाकण उघडता येईल असं बसवलं. लूप ६.२वरून ३.८वर आला. उन्हाळ्यात माती सुकेल तेव्हा परत वर जाणार, म्हणून एप्रिलमध्ये पुन्हा मोजायचं ठरलं आहे. त्या पिटवर सोळा घरं आहेत. आरसीसीबी किती घरांत आहे ते सचिवांनी विचारत फिरून लिहून आणलं: या घरासकट तीन.